काकांची काडेपेटी, चार वाट्या मध आणि संक्रांतीचा गूळ

आमची सोसायटी भांडुपला, जुनी, चार मजल्यांची. दरवर्षी संक्रांतीच्या आधी खालच्या मजल्यावरच्या वैशालीवहिनी सगळ्यांसाठी एकत्र गूळ आणि तीळ आणतात, यावर्षी त्यात मधही आला कारण कोणीतरी दादरच्या एका प्रदर्शनातून "महाबळेश्वरी शुद्ध मध" आणला होता आणि तो सगळ्यांना हवा होता. मी बारा वर्षं एका खाद्यपदार्थ कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये काढलीत, त्यामुळे असं काही निघालं की बाटली घेऊन लोक माझ्याच दारात. आणि माझ्याआधी पोचलेले असतात शिंदे काका. रिटायर्ड, बीएसटीत होते, आणि मध तपासायची त्यांची एक काडेपेटी आहे, ती ते घरून घेऊनच येतात.

त्या रविवारी टेबलावर तीन बाटल्या होत्या. एक मोठ्या ब्रँडची, सुपरमार्केटमधली, सोनेरी पारदर्शक. दुसरी एका छोट्या ब्रँडची, ऑनलाइन मागवलेली, लेबलवर "मोहरीच्या फुलांचा मध", आणि ती तळापासून गळ्यापर्यंत पांढरट थिजलेली, चमचा उभा राहील अशी. तिसरी प्रदर्शनातली, पातळसर, लालसर, वर थोडा फेस. काकांनी काडी मधात बुडवली, पेटीवर घासली. पहिली पेटली. दुसरीत मध काडीला चिकटेचना, खरवडून लावला, तीही पेटली पण काका म्हणाले "ही साखरच आहे, बघ ना खडे, जळणारच". तिसरी फुसकन विझली. निकाल लागला. ब्रँडेड शुद्ध, थिजलेला साखरेचा, महाबळेश्वरी पाणी घातलेला.

मला गंमत वाटली कारण त्यांनी जे मोजलं ते तिन्ही वेळा एकच होतं, पाणी किती आहे ते. ओली काडी पेटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी म्हटलं काका थांबा, मी अजून एक वाटी आणते, कोणती कुठली ते सांगणार नाही.

स्वयंपाकघरात जाऊन दोनशे ग्रॅम साखर, शंभर मिली पाणी आणि अर्धं लिंबू मंद आचेवर ठेवलं आणि सगळं वजन 250 ग्रॅम होईपर्यंत आटवलं, म्हणजे साधारण ऐंशी टक्के साखर नि वीस टक्के पाणी, मधात असतं तसंच. लिंबू अशासाठी की आंबटपणामुळे साखर फुटते, तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात, मधातही मुख्य तेच दोन असतात, आणि मग तो पाक लगेच थिजत नाही. थंड झाल्यावर त्यात चमचाभर कोरा चहा टाकला रंगासाठी (लॅबमधल्या माणसाला हे करताना जरा लाज वाटते, पण असो). काकांनी वाटी हातात घेतली. ग्लासभर पाण्यात थेंब सोडला, तो सरळ तळाशी गेला, पसरला नाही. अंगठ्यावर ठेवला, ओघळला नाही. कागदावर ठेवला, डाग पडला नाही. काडी पेटली, मस्त पेटली. "हा तर एक नंबर," काका म्हणाले. मी गॅसवरचं पातेलं दाखवलं. दोन मिनिटं बोललेच नाहीत, मग म्हणाले, "लिंबाचा वास येत होता, मला वाटलं फुलाचा."

आता खरं सांगायचं तर या पाण्याच्या आणि काडी किंवा वात पेटवायच्या टेस्ट खोट्या नाहीत, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या घरगुती तपासण्यांच्या पुस्तिकेतही त्या दिल्यात. पण त्या पकडतात कशाला, तर ज्याने मधात पातळ साखरपाणी ओतलंय त्याला. गल्लीतल्या कावडवाल्याचं ते काम. घट्ट पाक, आणि त्याहून हुशार म्हणजे कारखान्यात मुद्दाम मधासारखा बनवलेला तांदळाचा सिरप, त्याला या टेस्टमधून काहीच अडवत नाही. पूर्वी ऊस किंवा मक्याचा सिरप लॅबमध्ये सापडायचा कारण ऊस आणि मका वेगळ्या पद्धतीने कार्बन धरतात, मधमाश्या बहुतेक ज्या फुलांवर जातात ती झाडं वेगळ्या गटातली, तो फरक मशीनवर दिसतो. तांदूळ मात्र फुलांच्याच गटातला, म्हणून ती टेस्ट आंधळी झाली आणि भेसळवाले तिकडे वळले. त्यामुळे जे लॅबलाही आधी सापडत नव्हतं ते माझ्या तुमच्या काडीला कसं सापडणार.

वैशालीवहिनींनी लगेच विचारलं, मग मोठा ब्रँड घ्यायचा ना, ते तर टेस्ट करतात. इथे मला 2020 सालचं प्रकरण सांगावं लागलं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने भारतातल्या 13 ब्रँडचा मध तपासला. देशातल्या टेस्टमध्ये त्यातले बहुतेक पास. मग तेच नमुने जर्मनीत एनएमआर नावाच्या तपासणीला पाठवले, त्यात 13 पैकी फक्त 3 ब्रँड पास झाले. 22 नमुन्यांपैकी 5. कंपन्यांनी ते मान्य केलं नाही, टेस्टवरून बराच वाद झाला, तो सगळा इथे सांगत बसत नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवायची, त्याच वर्षी ऑगस्टपासून निर्यात होणाऱ्या मधाला एनएमआर सक्तीची झाली होती, आपल्या बाजारातल्या मधाला नाही. म्हणजे "सगळ्या टेस्ट पास" म्हणणाऱ्याला मी आधी विचारते, कुठल्या टेस्ट. ब्रँडचं नाव एवढंच सांगतं की बाटलीवर बॅच नंबर आहे, पत्ता आहे, चव प्रत्येक वेळी सारखी असेल आणि तक्रार केली तर कोणीतरी उत्तर देईल. हे काही कमी नाही. पण शुद्धतेचा दाखला तो नाही, आणि छोटा आहे म्हणून प्रामाणिक असेल असंही नाही.

मग मी घरची एक टेस्ट केली जी थोडी तरी कामाची आहे. छोटी काचेची बरणी वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य केला, आणि बरोब्बर शंभर ग्रॅम होईपर्यंत पाणी घातलं, म्हणजे शंभर मिली. पाणी जिथपर्यंत आलं तिथे मार्करने रेघ मारली. बरणी पुसून कोरडी करून पुन्हा शून्य, आता त्याच रेघेपर्यंत मध. बुडबुडे वर यायला वेळ द्यायचा, मी अर्धा तास दिला, नाहीतर वजन कमी भरतं. थिजलेली बाटली आधी हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात, पंचेचाळीसच्या आसपास, तासभर ठेवून वितळवली, उकळत्या पाण्यात नाही. आकडे असे आले. ब्रँडेड 141 ग्रॅम. मोहरीचा 142. माझा पाक 141. प्रदर्शनातला 136.

कायद्यात मधाचं पाणी वीस टक्क्यांच्या आत हवं. वजनाची कमीत कमी मर्यादा मात्र शंभर मिलीला 135 ग्रॅम एवढी सैल आहे, त्यामुळे 136 वाला कागदावर तिथे पासही होतो, पण माझ्या अंदाजाने त्यात पाणी पंचविसेक टक्के असणार. वर फेस, झाकण काढल्यावर हलका आंबूस वास, म्हणजे तो आंबायला लागलाय. काका म्हणाले, "मग पाणी घातलेलं नाही का?" नाही काका, कदाचित नाहीच. आपल्याकडच्या जंगलातला मध, आग्यामाशीचा तर विशेषच, मुळात पातळ असतो, पावसाळी हवेत पोळं पूर्ण बंद व्हायच्या आत काढला की आणखी पातळ. तो खरा मध असू शकतो जो टिकणार नाही. आणि 141 वाला माझा पाक आहे ज्यात मधमाशीचा संबंधच नाही. वजनाच्या टेस्टने पातळ मध ओळखता येतो, खोटा मध ओळखता येत नाही, एवढं मान्य करूनच ती करायची.

थिजण्याबद्दल काका शेवटपर्यंत मानायला तयार नव्हते. त्यांच्या डोक्यात मध थिजला म्हणजे साखर, आणि ते अर्धं खरंही आहे कारण मधाचे खडे साखरेचेच असतात, पण मधाच्या स्वतःच्या साखरेचे. ज्यात ग्लुकोज जास्त तो आधी थिजतो, मोहरीचा तर थंडीत काही आठवड्यांत. उलट वर्षभर शेल्फवर आरशासारखा राहणारा मध बघून मला वाटतं, हा बारीक गाळलाय, साठेक डिग्रीपर्यंत तापवलाय, म्हणून थिजत नाहीये. ते बेकायदा नाही आणि भेसळही नाही. पण "रॉ" लिहिलेला आणि कधीही न थिजणारा, असं जोडून दिसलं की मी भुवया वर करते.

आता लेबल. प्रदर्शनातल्या बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरात महाबळेश्वर, हिरवे डोंगर, एक माशी. मागे बारीक अक्षरात "पॅक्ड बाय" आणि पत्ता होता ठाणे जिल्ह्यातला, महाबळेश्वरचं नाव फक्त पुढच्या चित्रात. मी एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर `foscos.fssai.gov.in` वर टाकला. 2 ने सुरू होता म्हणजे छोट्या व्यावसायिकाचं रजिस्ट्रेशन, 1 ने सुरू असता तर लायसन्स, पुढचे दोन आकडे 15 म्हणजे महाराष्ट्र. इथपर्यंत ठीक. पण त्या नोंदणीत व्यवसाय होता मसाले आणि पापड. मधाचा उल्लेखच नाही. आता हा माणूस चोर आहे असं मी म्हणणार नाही, बरेच लोक एका नंबरवर दहा वस्तू विकतात, पण माझ्या दृष्टीने सबंध रविवारी सापडलेली ही सगळ्यात पक्की गोष्ट होती, कारण काडी नि अंगठा यांच्यावर वाद घालता येतो, नंबरवर नाही. आणि एक उलटी बाजूही, नंबर आहे म्हणजे सरकारने तो मध चाखून पाहिला असं अजिबात नाही, तो नंबर माणसाचा आहे, बाटलीतल्या मालाचा नाही.

शब्दांचं सांगायचं तर "शुद्ध" हा शब्द वाटेल तसा वापरायचा नसतो, ज्यात एकच घटक आहे आणि वरून काही घातलेलं नाही त्यालाच तो चालतो. "100 टक्के" बद्दल तर एफएसएसएआयने मे 2025 मध्ये कंपन्यांना सांगितलंय की लेबलवर हे लिहू नका. तरी दिसतं. मी लेबल उलटं करून बघते ते घटकांच्या जागी. नुसता "मध" असला तर ठीक, पण "हनी सिरप", "हनी फ्लेवर", "इन्व्हर्ट सिरप" असं काही आलं की पुढे कितीही पोळी काढलेली असोत, तो मध नव्हे, आणि गंमत म्हणजे तिथे विकणारा खोटं बोलतच नाहीये, आपणच वाचलेलं नसतं.

मधाचं आम्ही असं केलं की मोहरीचा ठेवला, प्रदर्शनातला वहिनींनी फ्रीजमध्ये टाकला आणि आठवड्यात सरबतात संपवला. ब्रँडेडचं काही ठरवता आलं नाही. वजन बरोबर, लेबल बरोबर, लायसन्स बरोबर, आणि तरी आत काय आहे ते मला घरबसल्या कळणार नव्हतं. ते मी तसंच सांगितलं. माईंनी, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या, विचारलं की नातीच्या गुटीत कुठला घालू, पाच महिन्यांची आहे. त्याला मात्र मी कुठलाच नाही म्हटलं, वर्षाच्या आतल्या बाळाला शुद्ध मधसुद्धा नको, त्यात बोट्युलिझम नावाच्या विषबाधेचे जंतू झोपलेले असू शकतात आणि तान्ह्याच्या पोटात ते जागे होतात. माई नाराज झाल्या, "आम्ही सगळे चाटूनच वाढलो" वगैरे, पण ऐकलं.

गुळाचं प्रकरण निराळं, तिथे लोक रंग बघतात. वहिनींनी दोन आणले होते, भांडुपच्या दुकानातली पिवळीधम्मक ढेप आणि एक "केमिकल फ्री" तपकिरी गुळाचं पाकीट, किंमत जवळजवळ तिप्पट. सोसायटीत दोन पक्ष पडले. पिवळा पक्ष म्हणे स्वच्छ दिसतो, वर्षानुवर्षं हाच खातो. काळा पक्ष म्हणे पिवळा म्हणजे पावडर मारलेला.

काळ्या पक्षाचं म्हणणं बऱ्यापैकी खरं आहे, पण पूर्ण नाही. गुऱ्हाळात रस काहिलीत उकळताना मळी वर येते, ती काढायला भेंडीचा चिकट रस घालतात, थोडा चुना घालतात, आणि मग गुळव्या शेवटचा पाक ओळखून उतरवतो. गिऱ्हाइकाला पिवळा हवा म्हणून काही ठिकाणी उतरवायच्या आधी हायड्रॉस नावाची पावडर टाकतात, ती रंग उडवते आणि मागे गंधकाचा अंश ठेवते. गुळात सल्फर डायऑक्साइड दहा लाखात सत्तर भागांपर्यंत चालतो असा नियम आहे, त्यापेक्षा जास्त आहे की नाही हे जिभेला कळत नाही, लॅबलाच कळतं. पण सगळा पिवळा गूळ हायड्रॉसचा नसतो, चांगली जात, चांगली जमीन आणि मळी नीट काढलेली असली की सोनेरी गूळ येतो. आणि काळा म्हणजे शुद्ध हा तर नवा धंदा झालाय. पाक करपला की गूळ काळा, जुना झाला की काळा, आणि आता लोक काळ्याला तिप्पट देतात म्हटल्यावर तो मुद्दाम काळा करणारेही असणारच की.

मी दोन्हींचे पंचवीस पंचवीस ग्रॅम कोमट पाण्याच्या ग्लासात विरघळवून तासभर ठेवले. पिवळ्याच्या तळाशी पातळ पांढरट थर बसला, तपकिरीत उसाचे बारीक तंतू आणि थोडी माती. पांढरा थर चमच्याने काढून त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले, बारीक बुडबुडे आले, म्हणजे खडूसारखं काहीतरी. पण थर इतका कमी होता की तो वजन वाढवायला टाकलेला खडू वाटत नव्हता, मळी काढतानाच्या चुन्याचा राहिलेला अंशही असू शकतो, म्हणून मी "भेसळ" हा शब्द वापरला नाही. बोटभर थर असता तर वापरला असता.

मग काकूंनी, काकांच्या बायकोने, चहाची टेस्ट सांगितली. तपकिरी गुळाचा चहा फाटतो, पिवळ्याचा नाही, म्हणजे तपकिरीत केमिकल. करून बघितलं, खरंच तपकिरीचा फाटला. पण कारण उलट आहे. गूळ मुळात थोडा आंबट असतो, गरम दुधात तो आंबटपणा दुधाला फाडतो, आणि ज्यात सोडा किंवा चुना जास्त पडलाय त्याचा आंबटपणा मेलेला असतो म्हणून त्याचा चहा सुरेख राहतो. म्हणजे न फाटणारा शुद्ध असं धरलं तर नेमका उलटा निकाल लागतो. फाटण्यावरून कुणाचंच काही सिद्ध होत नाही, जुना आंबलेला गूळही फाडतो. काकूंना सांगितलं गॅस बंद करून, चहा जरा निवला की गूळ टाका, मग प्रश्नच नाही.

राहिली साखर घालून बनवलेला गूळ ही शंका, आणि माझ्या मते गुळातली हीच सगळ्यात अवघड. रसात साखर ओतून गूळ केला की रंग येतो, माल वाढतो, आणि ग्लासात, व्हिनेगरमध्ये, जिभेवर काहीही दिसत नाही कारण गूळ म्हणजे मोठ्या भागाने तीच साखर. नियमातही गुळात साखर कमीत कमी साठ टक्के हवी असं आहे, म्हणजे वरून साखर टाकणाऱ्याचा आकडा नापास व्हायच्या ऐवजी सुधारतो. रवाळ दिसला म्हणून संशय घ्यावा तर चांगला कोल्हापुरी गूळही रवाळच असतो. आणि "कोल्हापुरी" हेही बघून घ्या, त्याला 2014 पासून जीआय, म्हणजे ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव असा नोंदलेला हक्क आहे, पण दुकानात सुट्या ढेपेवर कोल्हापुरी लिहिलेली चिठ्ठी कोणीही लावतो. तपकिरी पाकिटावर निदान गुऱ्हाळाचा पत्ता, पॅकिंगची तारीख आणि बॅच होती. "केमिकल फ्री" पुढे मात्र सेंद्रियचा जैविक भारत शिक्का नव्हता, मग तो शब्द म्हणजे कंपनीचं आपलं मत.

शेवटी लाडूंना दोन्ही अर्धे अर्धे घेतले, वहिनींचा निर्णय, कोणाशी भांडायचं नाही म्हणून. मी दोन्हींचा एकेक खडा वेगवेगळ्या झाकणाच्या डबीत घालून, तारीख लिहून, खिडकीपासून लांब फळीवर ठेवला, कारण हायड्रॉसने उडवलेला रंग ठेवणीत परत गडद होतो हे मला माहीत होतं आणि मला काकांना दाखवायचं होतं. होळीच्या आदल्या दिवशी पुरण शिजत असताना काका आले तेव्हा डब्या उघडल्या. तपकिरी जरासा गडद झाला होता, तेवढा कुठलाही होतो. पिवळा पार बदलला होता, शेजारी ठेवले तर कुठला कुठला ते ओळखू येईना. काकांनी दोन्ही खडे हातात घेऊन खिडकीत नेले, वास घेतला, थोडा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "मग आता हा पण केमिकल फ्री झाला म्हणायचं. तिप्पट भावाने विकू का?"